वाहतूक बिल, बिल्टीचा तपशील आणि हमालीचा खर्च: अनुदानाचा प्रस्ताव पाठवण्यापूर्वी काय तपासावे?

तुमच्या शेतकरी उत्पादक कंपनीने किंवा सहकारी संस्थेने परराज्यात शेतमाल पाठवला असेल आणि वाहतूक खर्चावर अनुदान मागायचे असेल, तर प्रस्तावातील सर्वात महत्त्वाचा कागद म्हणजे ट्रान्सपोर्टरचे वाहतूक बिल. या बिलात बिल्टीचा तपशील नसेल, किंवा भाडे आणि हमाली एकाच रकमेत मिसळलेली असेल, तर प्रस्तावात त्रुटी निघते. संस्थेने पैसे खरोखर खर्च केलेले असतात, पण नेमके कशावर खर्च केले हे कागदावरून दिसत नाही.

बिल्टी कशी घ्यावी, बिलात काय असावे, माल चढवण्याचा व उतरवण्याचा खर्च कोणी द्यायचा आणि तो कागदावर कुठे दाखवायचा, हे या लेखात एका उदाहरणासह दिले आहे.

कोणत्या योजनेसाठी?

उदाहरणासाठी आपण महाराष्ट्र राज्य कृषि पणन मंडळाची आंतरराज्य शेतमाल व्यापार रस्ते वाहतूक अनुदान योजना घेऊ. शेतकरी उत्पादक कंपन्या आणि उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी सभासदांचा नाशवंत शेतमाल रस्त्याने दुसऱ्या राज्यात नेऊन विकावा, यासाठी ती आहे. योजनेचे अंतर किमान ३५० किलोमीटर आहे. प्रत्यक्ष वाहतूक खर्चाच्या ५० टक्के किंवा त्या अंतराच्या टप्प्यासाठी ठरवलेली कमाल रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती मिळते. १,००१ ते १,५०० किलोमीटरच्या टप्प्यासाठी कमाल रक्कम ४०,००० रुपये ठेवण्यात आली आहे. माल पाठवण्यापूर्वी मंडळाची पूर्वमान्यता घ्यावी लागते. दर, टप्पे आणि मुदत वेळोवेळी बदलतात, म्हणून प्रस्ताव करण्यापूर्वी मंडळाच्या विभागीय कार्यालयात चालू परिपत्रक पाहून घ्या.

तुम्ही दुसऱ्या राज्यात राहत असाल आणि तेथील योजनेतून वाहतूक खर्चाची परतफेड मागत असाल, तर दर आणि अटी वेगळ्या असतील. पण बिल्टी आणि बिलाचे पुढील नियम केंद्रीय कायद्यातून आलेले असल्यामुळे ते तुम्हालाही लागू आहेत.

बिल्टी आणि बिल हे दोन वेगळे कागद आहेत

बिल्टी म्हणजे ट्रान्सपोर्टरने तुमचा माल ताब्यात घेतल्याची पावती. काही जण तिला एलआर, लॉरी रिसीट किंवा जीआर म्हणतात. बिल म्हणजे त्या कामाचे पैसे मागणारा कागद. बिल्टी माल निघताना तयार होते आणि बिल बहुधा माल पोचल्यावर येते.

रस्ते माल वाहतूक कायदा, २००७ नुसार क्रम असा आहे. आधी माल पाठवणारा ट्रान्सपोर्टरला एक लेखी पत्र भरून देतो. त्यात माल कोणता, किती, कोणाला पाठवायचा आणि त्याची किंमत किती हे लिहितो. ही माहिती बरोबर असण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची असते. त्यानंतर ट्रान्सपोर्टर मालाची पावती, म्हणजेच बिल्टी, तीन प्रतींत करतो आणि मूळ प्रत पाठवणाऱ्याला देतो. बिल्टीवर लिहिलेले वजन आणि नगांची संख्या हा प्रथमदर्शनी पुरावा मानला जातो. म्हणजे तो आकडा चुकीचा आहे असे कोणाला म्हणायचे असेल, तर ते त्याने सिद्ध करावे लागते.

बिल्टी कधी द्यायची, हेही याच कायद्यात सांगितले आहे. माल पाठवणारा स्वतः गाडी भरून देणार असेल, तर भरणे पूर्ण झाल्यावर बिल्टी द्यायची. इतर वेळी ट्रान्सपोर्टरने माल ताब्यात घेतला की द्यायची. म्हणजे गाडी कोण भरणार, हे बिल्टी फाडण्याआधीच ठरलेले असले पाहिजे.

कांदा, टोमॅटो, डाळिंब यांसारख्या ताज्या शेतमालाला ई-वे बिल लागत नाही. त्यामुळे माल खरोखर गेला, कोणत्या गाडीने गेला आणि किती गेला, याचा मुख्य पुरावा बिल्टीच ठरते. ओळखीच्या टेम्पोवाल्याकडून बिल्टी न घेता माल पाठवला, तर भाडे कदाचित थोडे कमी पडेल. पण नंतर अनुदानाच्या फाइलमध्ये लावायला कागदच उरणार नाही.

वाहतूक बिलात काय असावे?

जीएसटीच्या नियमांनुसार माल वाहतूक एजन्सीच्या बिलात पुढील गोष्टी असाव्या लागतात: मालाचे एकूण वजन, माल पाठवणाऱ्याचे व घेणाऱ्याचे नाव, गाडीचा नोंदणी क्रमांक, मालाचा तपशील, माल निघाल्याचे व पोचल्याचे ठिकाण आणि कर भरण्यास जबाबदार असलेल्याचा जीएसटी क्रमांक. अनुदानासाठी यात आणखी दोन गोष्टी मागून घ्या: बिल्टीचा क्रमांक आणि बिल्टीची तारीख. या दोन ओळींमुळेच बिल आणि बिल्टी एकमेकांना जोडले जातात. बिल हातात आले की बिल्टी शेजारी ठेवून हे मुद्दे एकेक करून जुळवा.

पाठवणाऱ्याचे नाव सर्वात आधी पाहा. तेथे कंपनीचे किंवा संस्थेचे नोंदणीकृत नाव हवे. ट्रान्सपोर्टरला फोन करणाऱ्या संचालकाचे किंवा ज्यांचा माल जास्त आहे त्या सभासदाचे नाव बिल्टीवर पडले, तर खर्च संस्थेने केला असे कागदावरून म्हणता येत नाही.

त्यानंतर तारीख पाहा. बिल्टीची तारीख पूर्वमान्यतेच्या तारखेनंतरची हवी. आधी माल पाठवून नंतर मान्यता घेतली, तर बाकी सगळे कागद बरोबर असले तरी ही अट पूर्ण होत नाही.

मग गाडीचा क्रमांक पाहा. बिल्टी, वजनकाट्याची पावती, बिल आणि बाजारातील विक्री पट्टी या चारही कागदांवर एकच क्रमांक हवा. वाटेत गाडी बंद पडून माल दुसऱ्या गाडीत भरला असेल, तर दोन क्रमांक येणारच. अशा वेळी ट्रान्सपोर्टरकडून बिल्टीवर तशी नोंद, तारीख, सही आणि शिक्का घ्या. स्वतः खाडाखोड करू नका.

शेतमालाच्या वाहतुकीवर एजन्सीला जीएसटी लावायचा नसतो. शेतमाल चढवणे आणि उतरवणे या सेवाही करमुक्त आहेत. त्यामुळे कांद्याच्या भाड्याच्या बिलात ५ टक्के कर लावलेला दिसला, तर पैसे देण्यापूर्वी बिल दुरुस्त करून मागा.

चढाई आणि उतराईचा खर्च कोणाचा?

ट्रकवाल्यांमध्ये एक म्हण आहे: ज्याचा माल, त्याचा हमाल. भाडे हे गाडी, डिझेल, चालक आणि रस्ता यांचे असते. माल उचलून ठेवण्याची मजुरी मालवाल्याने द्यायची, असा तिचा अर्थ. पण म्हणीने हिशेब पुरा होत नाही, कारण रस्त्यात मालवाला बदलू शकतो. निफाडमध्ये माल तुमचा असतो. दिल्लीत तो विकला गेला की खरेदीदाराचा होतो. मग उतराई कोणाची?

हमाली अमक्यानेच द्यावी, असा सगळ्या व्यवहारांना लागू होणारा एकच नियम नाही. जे ठरले असेल आणि लिहिलेले असेल, ते धरले जाते. बहुतेक व्यवहार तीन प्रकारांत बसतात.

पहिला प्रकार, माल आढत्याकडे विक्रीला पाठवला. विक्री होईपर्यंत माल तुमचाच असतो. म्हणून चढाई तुमची आणि उतराईही तुमचीच. उतराईची मजुरी आढत्या हमालांना देतो आणि विक्री पट्टीतून ती रक्कम कापून घेतो. उत्तरेकडील बाजारांत पट्टीवर ती ‘पल्लेदारी’ या नावाने दिसते.

दुसरा प्रकार, माल आधीच ठरलेल्या भावाने खरेदीदाराला विकला. भाव ‘आमच्या गोदामावर भरून’ असा ठरला असेल, तर चढाई तुमची, आणि भाडे व उतराई खरेदीदाराची. भाव ‘तुमच्या गोदामापर्यंत पोच’ असा ठरला असेल, तर चढाई आणि भाडे तुमचे. उतराई मात्र स्पष्ट लिहून घ्यावी लागते, कारण ‘पोच’ म्हणजे गाडी दारात उभी करणे की माल खाली उतरवून देणे, यावरच वाद होतो. लक्षात ठेवा, भाडे खरेदीदाराने दिले असेल तर तो तुमचा खर्च नाही आणि त्यावर तुम्हाला अनुदान मागता येणार नाही.

तिसरा प्रकार, ट्रान्सपोर्टरने हमालीसह एकरकमी दर ठरवला. हे सोयीचे वाटते, पण अनुदानाच्या दृष्टीने यातच सर्वाधिक अडचण होते. असा दर ठरवावा लागला तरी बिलात भाडे आणि हमाली वेगवेगळ्या ओळींत मागा.

महाराष्ट्रात ‘वाराई’ हा शब्दही बिलात आढळतो. गाडी भरण्या-उतरवण्यासाठी गाडीवाल्याकडून घेतली जाणारी ही रक्कम. चालकाने ती वाटेत भरली की ट्रान्सपोर्टर बिलात धरतो. तेव्हा बिलात ‘वाराई’ दिसली, तर ती कोणाला आणि कशासाठी दिली याची पावती मागा.

एक उदाहरण

समजा, निफाड तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीने दिल्लीच्या आझादपूर बाजारात एका आढत्याकडे कांदा पाठवला. ५० किलोच्या ३२० गोण्या, म्हणजे १६ टन. ट्रान्सपोर्टरशी भाडे ठरले टनाला ४,००० रुपये, म्हणजे एकूण ६४,००० रुपये. निघताना ४०,००० रुपये बँकेतून दिले आणि २४,००० रुपये माल पोचल्यावर द्यायचे ठरले. गाडी भरण्याची मजुरी गोणीला ८ रुपये, म्हणजे २,५६० रुपये, कंपनीने हमालांना देऊन त्याची पावती घेतली. हे आकडे हिशेब समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्यक्ष दर हंगामानुसार बदलतात.

आठ दिवसांनी दोन कागद आले. आढत्याच्या विक्री पट्टीत पल्लेदारी गोणीला १० रुपयांप्रमाणे ३,२०० रुपये कापलेली होती. ट्रान्सपोर्टरच्या बिलात एकच ओळ होती: ‘निफाड ते दिल्ली, कांदा, हमालीसह ७०,००० रुपये.’ बिल्टीवर मात्र भाडे ६४,००० रुपये लिहिलेले होते.

कंपनीने हे बिल तसेच भरून प्रस्तावाला जोडले, तर दोन नुकसान होतील. पहिले अनुदानाचे. बिल्टी ६४,००० सांगते आणि बिल ७०,००० सांगते. कार्यालयाला खरे भाडे किती ते कळत नाही आणि प्रस्ताव खुलाशासाठी परत येतो. दुसरे नुकसान याहून सहज नजरेतून सुटते. उतराईचे पैसे आढत्याने पट्टीतून कापलेच आहेत. बिलातील जादा ६,००० रुपयांतही उतराई धरली असेल, तर एकाच मजुरीचे पैसे दोनदा जातात.

हे कसे सोडवायचे? आधी ट्रान्सपोर्टरला विचारायचे की जादा ६,००० रुपये कशाचे आहेत. चढाईचे म्हणत असेल, तर ती कंपनीने आधीच दिली आहे आणि पावती हातात आहे. उतराईचे म्हणत असेल, तर चालकाने दिल्लीत कोणाला पैसे दिले याची पावती दाखवायला सांगायचे. पावती नसेल, तर ही रक्कम देण्याचे कारण उरत नाही. पावती खरी असेल, म्हणजे चालकाने पल्लेदारांना खरोखर पैसे दिले असतील, तर ती रक्कम ट्रान्सपोर्टरला द्यायची आणि पट्टीतून कापलेले ३,२०० रुपये आढत्याकडून परत मागायचे. पैसे एकाच वाटेने जायला हवेत, पट्टीतून किंवा बिलातून.

या उदाहरणात पावती निघाली नाही असे धरू. ट्रान्सपोर्टरने जुने बिल रद्द करून नवे दिले. त्यातील मजकूर असा:

बिल्टी क्रमांक व तारीख: मूळ बिल्टीप्रमाणे
माल: कांदा, ३२० गोण्या, १६,००० किलो
भाडे: १६ टन, प्रति टन ४,००० रुपये, एकूण ६४,००० रुपये
चढाई: पाठवणाऱ्याने परस्पर दिली, या बिलात समाविष्ट नाही
उतराई: विक्री पट्टीतून दिली, या बिलात समाविष्ट नाही
मिळालेली आगाऊ रक्कम: ४०,००० रुपये
बाकी: २४,००० रुपये

आता अनुदानाचा हिशेब सरळ आहे. भाड्याच्या ५० टक्के म्हणजे ३२,००० रुपये. या अंतराच्या टप्प्याची कमाल रक्कम ४०,००० रुपये आहे. कमी असलेली रक्कम धरायची, म्हणून मागणी ३२,००० रुपयांची. चढाईचे २,५६० आणि पल्लेदारीचे ३,२०० रुपये हा कंपनीचा विक्री खर्च आहे. तो सभासदांच्या हिशेबात दाखवायचा, वाहतूक भाड्यात मिसळायचा नाही. बाकीचे २४,००० रुपयेही बँकेतूनच द्या, म्हणजे ६४,००० रुपयांचा प्रत्येक रुपया खातेउताऱ्यावर दिसेल.

वजन आणि गोण्या जुळत नसतील तर?

वरील उदाहरणात विक्री पट्टीवर वजन १५,७०० किलो आले असते, तर लगेच घाबरण्याचे कारण नाही. कांदा वाटेत सुकतो आणि थोडी घट येते. निघतानाची वजनकाट्याची पावती सोबत जोडा. भाडे भरलेल्या वजनावर ठरले असेल, तर ते बिल्टीच्या वजनाप्रमाणेच राहते.

गोण्यांची संख्या मात्र सुकून कमी होत नाही. बिल्टीवर ३२० आणि पट्टीवर ३१२ असतील, तर ८ गोण्या हरवल्या आहेत किंवा मोजणी चुकली आहे. म्हणून माल उतरताना मोजून घेण्यास आढत्याला सांगा आणि बिल्टीच्या पोच प्रतीवर मिळालेल्या गोण्या, फाटलेल्या किंवा भिजलेल्या गोण्या आणि तारीख लिहून सही-शिक्का घ्या. ‘माल मिळाला’ एवढेच लिहिलेली पोच नुकसानीच्या वेळी तुमच्या बाजूने फारसे काही सांगत नाही.

माल खरोखर हरवला किंवा खराब झाला, तर दावा लावण्यापूर्वी ट्रान्सपोर्टरला लेखी नोटीस द्यावी लागते. ही नोटीस माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत द्यायची असते. पोचल्याच्या तारखेपासून दिवस मोजू नका. जादा जोखमीचा दर देऊन वेगळे ठरवले नसेल, तर ट्रान्सपोर्टरची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपर्यंत असते आणि तुम्ही लिहून दिलेल्या किमतीपेक्षा ती जास्त होत नाही. म्हणून सुरुवातीच्या पत्रात मालाची किंमत खरी लिहा. किंमत कमी दाखवली, तर भरपाईही तेवढीच कमी होते.

गाडी भरण्यापूर्वी ट्रान्सपोर्टरला काय लिहून द्याल?

पुढील मजकूर संस्थेच्या लेटरहेडवर लिहून त्यावर दोघांच्या सह्या घ्या आणि एक प्रत फाइलमध्ये ठेवा. गाडी सुटण्यापूर्वी हे झाले, तर वर सांगितलेले बहुतेक वाद होणार नाहीत.

‘आमच्या संस्थेचा खालील शेतमाल आपल्या गाडीने पाठवत आहोत. माल, नग, वजन आणि अंदाजे किंमत खाली दिली आहे. भाडे प्रति टन ठरल्याप्रमाणे राहील आणि त्यात टोल धरलेला आहे. गाडी भरण्याची हमाली आम्ही देऊ. माल उतरवण्याची हमाली घेणारा देईल व विक्री पट्टीतून कापून घेईल. चालकाने कोणतीही हमाली किंवा वाराई देऊ नये. द्यावी लागल्यास आधी आम्हाला फोन करावा व पावती आणावी. बिलात बिल्टी क्रमांक, तारीख आणि गाडी क्रमांक लिहावा. भाड्याची रक्कम वेगळ्या ओळीत दाखवावी.’

तुमचा व्यवहार थेट खरेदीदाराशी असेल, तर उतराईचे वाक्य त्याप्रमाणे बदला आणि त्याची एक प्रत खरेदीदारालाही पाठवा. टोल भाड्यात नसेल, तर तसेही लिहा. प्रस्तावाला कागद जोडताना पूर्वमान्यता पत्र, मूळ बिल्टी, वजनकाट्याची पावती, पोच, विक्री पट्टी, वाहतूक बिल आणि बँकेचा खातेउतारा अशा तारखेच्या क्रमाने लावा. हमालीच्या पावत्या संस्थेच्या फाइलमध्ये जपून ठेवा. कार्यालयाने भाड्याबाबत खुलासा मागितला, तर हमाली वेगळी दिल्याचा पुरावा म्हणून त्या दाखवता येतील.